पिशवीत काय आहे कुणास ठाऊक: जोखीम टाळणं आणि संदिग्धता टाळणं यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलताना आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो: "रिस्क नको." पण शक्यता माहीत असलेली पैज नको म्हणणं, म्हणजे जोखीम टाळणं, वेगळं आणि शक्यताच माहीत नाही म्हणून पैज नको म्हणणं, म्हणजे संदिग्धता टाळणं, वेगळं. हा फरक नुसता शब्दांचा नाही. साध्या गोट्यांनी तो दाखवता येतो आणि मोजताही येतो. इथले बहुतेक प्रश्न मला वर्गात किंवा घरच्या गप्पांत विचारले गेलेले आहेत.

दोन पिशव्यांचा खेळ म्हणजे नेमकं काय?

दोन पिशव्या घ्या, दोन्हींत १०० गोट्या. पहिलीत ५० लाल आणि ५० काळ्या, हव्या तर तुम्ही मोजून घ्या. दुसरीतही लाल आणि काळ्याच, पण किती लाल आणि किती काळ्या हे सांगायचं नाही. शंभराच्या शंभर लाल असतील, एकही नसेल, मधलं काहीही असेल. तुम्ही आधी रंग सांगायचा, मग एका पिशवीत न बघता हात घालून एक गोटी काढायची. सांगितलेला रंग आला तर १०० रुपये, नाही आला तर काही नाही. कुठल्या पिशवीत हात घालाल?

एका दिवाळीत हाच खेळ मी मावशीबरोबर खेळलो. गोट्या कमी होत्या म्हणून प्रत्येक पिशवीत दहाच घेतल्या. मी म्हटलं, "मावशी, लाल गोटी आली तर शंभराची नोट तुझी. कुठली पिशवी?" तिने क्षणाचाही विचार न करता पाच-पाचची पिशवी ओढली. गोटी काढायच्या आधीच मी म्हटलं, "बरं, आता लाल राहू दे. काळी आली तर शंभर. आता कुठली?" तिने हातातली पिशवी सोडलीच नाही. का, असं विचारल्यावर म्हणाली, "अरे, त्या दुसरीत काय भरून ठेवलंयस कुणास ठाऊक!"

बहुतेक माणसं हेच करतात, जरी दोन्ही पैजांचं अपेक्षित मूल्य, म्हणजे पुन्हापुन्हा खेळल्यास सरासरीने मिळणारी रक्कम, सारखंच असतं. आणि मावशीच्या या दोन उत्तरांतच सगळा विषय आहे.

दुसऱ्या पिशवीबद्दल काहीच माहीत नसताना दोन्ही पैजांचं अपेक्षित मूल्य सारखं कसं म्हणता?

पहिल्या पिशवीचा हिशेब सरळ आहे. जिंकण्याची शक्यता निम्मी, बक्षीस १००, म्हणजे अपेक्षित मूल्य ५० रुपये.

दुसऱ्या पिशवीत लाल गोट्या ० पासून १०० पर्यंत कितीही असू शकतात, म्हणजे एकूण १०१ मिश्रणं. लाल जास्त आहेत असं मानायला तुमच्याकडे जितकं कारण आहे, तितकंच काळ्या जास्त आहेत असं मानायला आहे. म्हणून ३० लालवाल्या मिश्रणासमोर ७० लालवालं उभं राहतं, १० समोर ९०. अशा जोड्या लावत गेलं की सरासरी ५० वरच येते. म्हणजे या पैजेचं मूल्यही ५० रुपयेच.

"मांडणाऱ्याने मुद्दाम लाल कमी घातल्या असतील तर?" असं लगेच विचारलं जातं. ते तोडण्यासाठीच रंग तुम्ही निवडायचा, तोही पिशवी भरून झाल्यावर. तुम्ही काय म्हणाल हे भरणाऱ्याला माहीत नसेल, तर त्याला तुमच्याविरुद्ध काही करता येत नाही. तरीही लोक दुसरी पिशवी टाळतात.

माझा आतला अंदाजच असा असेल की दुसरीत लाल कमी आहेत, तर?

तर लाल रंगावर पैज लावताना पहिली पिशवी घेणं अगदी बरोबर. कुणी तुम्हाला निम्मी शक्यता मानायची सक्ती करत नाही. समजा तुमच्या मते दुसरीत ४० लाल आहेत. मग ६० काळ्या झाल्या. आता काळ्यावर पैज लावायची म्हटलं तर तुम्ही धावत दुसरी पिशवी घ्यायला हवी, कारण पहिलीत काळ्या ५०च आहेत.

मावशीने तसं केलं नाही. लाल म्हटलं तेव्हाही पहिली, काळं म्हटलं तेव्हाही पहिली. पहिल्या उत्तराचा अर्थ असा की दुसरीतून लाल येण्याची शक्यता तिच्या लेखी निम्म्याहून कमी आहे. दुसऱ्या उत्तराचा अर्थ असा की काळी येण्याची शक्यताही निम्म्याहून कमी आहे. पण पिशवीत लाल आणि काळ्याखेरीज दुसरं काहीच नाही. दोन्ही शक्यतांची बेरीज १ भरायला हवी, इथे ती भरत नाही. म्हणजे मावशीच्या मनात शक्यतेचा कुठलाही एक आकडा धरून बसलात तरी तिची दोन्ही उत्तरं एकत्र जुळवता येत नाहीत.

म्हणून हा खेळ दोन्ही रंगांनी खेळावा लागतो. एकाच रंगाने खेळून "लोक संदिग्धता टाळतात" असा निष्कर्ष काढणं कच्चं आहे. एकट्या उत्तरामागे साधा अंदाज असू शकतो.

मग याला जोखीम टाळणं म्हणायला हरकत काय? मावशी घाबरट आहे, एवढंच ना?

सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, म्हणून जरा सावकाश जाऊ.

जोखीम टाळणं म्हणजे काय? पन्नास टक्के शक्यतेने १०० रुपये मिळतील अशी पैज आणि हातात रोख ५० रुपये, यांतून रोख ५० उचलणं. काहीजण रोख ४०, अगदी ३० वरही राजी होतात. याचं स्पष्टीकरण गणितज्ञ डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्येच दिलं होतं: पैसा वाढत जातो तसं पुढच्या प्रत्येक रुपयाचं समाधान घटत जातं. पहिल्या ५० रुपयांनी जेवढा आनंद होतो तेवढा पुढच्या ५० रुपयांनी होत नाही. त्यामुळे १०० ची निम्मी आशा खात्रीच्या ५० पेक्षा हलकी पडते.

आकड्यांत बघू. समजा एखाद्याचं समाधान रकमेच्या वर्गमुळाइतकं आहे. १०० रुपयांचं समाधान १०, शून्य रुपयांचं शून्य. पहिल्या पिशवीतून सरासरी समाधान १० च्या निम्मं, म्हणजे ५. खात्रीने किती रुपये मिळाले तर ५ एवढं समाधान मिळेल? २५ रुपये, कारण २५ चं वर्गमूळ ५. म्हणजे ५० रुपये मूल्याची ही पैज हा माणूस २५ रुपयांना विकायला तयार आहे. जोखीम टाळणारा पक्का माणूस.

आता त्यालाच दुसऱ्या पिशवीसमोर उभा करा. तिथेही एक तर १०० मिळणार, नाही तर शून्य. समाधान एक तर १०, नाही तर शून्य. शक्यता निम्मी धरली तर सरासरी पुन्हा ५ आणि किंमत पुन्हा २५ रुपये. वर्गमुळाच्या जागी दुसरी कुठलीही वक्र रेषा ठेवा, माणूस कितीही भित्रा धरा, दोन्ही पिशव्यांची किंमत सारखीच निघते. दोन्हींकडची बक्षिसं तीच असल्यामुळे पैशाबद्दलची भीती दोन्हींकडे सारखीच कापली जाते. तिला दोन पिशव्यांत डावं-उजवं करताच येत नाही.

म्हणून मावशी घाबरट असो वा धीट, तिच्या घाबरटपणाने हे कोडं सुटत नाही. जोखमीची नावड रकमेकडे बघण्याच्या नजरेत असते, संदिग्धतेची नावड शक्यतेकडे बघण्याच्या नजरेत. एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?

माहीत असलेली शक्यता आणि माहीत नसलेली शक्यता यांत फरक आहे, हे अमेरिकेत फ्रँक नाईट आणि इंग्लंडमध्ये केन्स या अर्थतज्ज्ञांनी १९२१ मध्येच, आपापल्या पुस्तकांत, लिहून ठेवलं होतं. पण १९५४ मध्ये लिओनार्ड सॅव्हेज या संख्याशास्त्रज्ञाने मोठी मजबूत मांडणी केली. निवड करताना माणूस काही साधे, पटण्यासारखे नियम पाळत असेल, तर त्याच्या मनात प्रत्येक घटनेच्या शक्यतेचा एकेक आकडा असल्यासारखाच तो वागतो, हे त्याने सिद्ध केलं. मग माहीत असलेली आणि माहीत नसलेली शक्यता असा भेद करायला जागाच उरत नव्हती.

या मांडणीला दोन पिशव्यांनी सुरुंग लावला तो डॅनियल एल्सबर्ग यांनी, १९६१ च्या एका शोधनिबंधात. (व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं १९७१ मध्ये वर्तमानपत्रांना देणारे एल्सबर्ग ते हेच.) त्यांनी हे प्रश्न ओळखीच्या अर्थतज्ज्ञांना आणि निर्णयशास्त्राच्या अभ्यासकांना घातले. कित्येकांनी मावशीसारखीच उत्तरं दिली आणि नियम दाखवल्यावरही ती बदलली नाहीत. एल्सबर्ग यांनी नियम मोडणाऱ्यांच्या यादीत खुद्द सॅव्हेजचंही नाव घातलं आहे. हा भाग मला फार मोलाचा वाटतो. गणित कळत नाही म्हणून लोक असं करतात, हा आक्षेप त्याने निकालात निघतो.

सॅव्हेजचा कुठला नियम मोडतो?

त्यासाठी एल्सबर्ग यांचा दुसरा खेळ बघू, कारण त्यात नियम मोडताना डोळ्यांना दिसतो. एकच पिशवी, ९० गोट्या. ३० लाल, हे नक्की. उरलेल्या ६० काळ्या आणि पिवळ्या, पण किती-किती ते माहीत नाही.

पहिली निवड: लालवर पैज लावाल की काळ्यावर? बहुतेक लोक लाल म्हणतात. ३० तर नक्की आहेत, काळ्या शून्यही असतील.

दुसरी निवड: "लाल किंवा पिवळी" यावर लावाल की "काळी किंवा पिवळी" यावर? इथे बहुतेक लोक "काळी किंवा पिवळी" घेतात, कारण त्या ६० नक्की आहेत.

आता पिवळ्या गोटीकडे बघा. पहिल्या निवडीत पिवळी आली तर दोन्ही पैजा हरतात. दुसऱ्या निवडीत पिवळी आली तर दोन्ही जिंकतात. म्हणजे पिवळी आली तर कुठल्याच निवडीत काही फरक पडत नाही. फरक पडतो तो लाल किंवा काळी आली तरच, आणि तिथे दोन्ही निवडी तंतोतंत सारख्या आहेत: लाल की काळी? सॅव्हेजचा नियम सांगतो की ज्या निकालाने दोन पर्यायांत काहीच फरक पडत नाही, त्याने निवड बदलू नये. लोक मात्र पहिल्यात लालकडे झुकतात आणि दुसऱ्यात काळ्याकडे. दोन्ही वेळा ते जातात शक्यता माहीत असलेल्या बाजूला.

माणसं असं का करतात? मनात नेमकं काय चालतं?

एकच कारण आहे असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण दोन धागे चांगले पकडीत आले आहेत.

पहिला धागा तुलनेचा. क्रेग फॉक्स आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९९५ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. बक्षीस १०० डॉलर. एका गटापुढे दोन्ही पिशव्या ठेवल्या आणि प्रत्येक पैजेसाठी जास्तीत जास्त किती मोजाल असं विचारलं. माहीत असलेल्या पिशवीला सरासरी २४ डॉलरच्या वर किंमत मिळाली, माहीत नसलेल्या पिशवीला १५ डॉलरही नाही. मग दुसऱ्या लोकांपुढे एकेकच पिशवी ठेवली, काहींपुढे ही, काहींपुढे ती. आता दोन्हींची किंमत १८ डॉलरच्या आसपास, जवळजवळ सारखी. नुसती दुसरी पिशवी समोरून हलवली आणि संदिग्धतेची नावड विरून गेली.

म्हणजे "मला माहीत नाही" ही भावना आपोआप टोचत नाही. शेजारी माहीत असलेली गोष्ट मांडली की ती टोचू लागते. तसंच उलटही. चिप हीथ आणि ट्वर्स्की यांनी १९९१ मध्ये दाखवलं की ज्या विषयात आपल्याला गती आहे असं माणसाला वाटतं, तिथे तो नेमकी शक्यता माहीत असलेल्या सोडतीपेक्षा स्वतःच्या अंदाजावर पैज लावणं पसंत करतो. सामन्याचा निकाल गोट्यांइतका मोजून ठेवलेला नसतो, तरी क्रिकेट जाणणारा माणूस तिथे खुशाल पैज लावतो.

दुसरा धागा लोकांच्या नजरेचा. माहीत असलेल्या पिशवीतून हरलात तर नशीब. माहीत नसलेल्या पिशवीतून हरलात तर "कशाला त्यात हात घातलास?" हे ऐकावं लागतं. याची परीक्षा ट्राउटमन, व्हीडर आणि वाकर यांनी २००८ मध्ये हुशारीने घेतली. बक्षीस म्हणून पैशांऐवजी दोन वेगवेगळ्या चित्रपटांच्या डीव्हीडी ठेवल्या. एका गोटीला ही मिळणार, दुसऱ्या गोटीला ती. यांतली कुठली तुम्हाला आवडते हे प्रयोग घेणाऱ्याला माहीत नाही. त्यामुळे तुम्ही जिंकलात की हरलात हे तुमच्याखेरीज कुणालाच कळत नाही. असं केल्यावर माहीत नसलेली पिशवी टाळण्याची वृत्ती नाहीशी झाली. याच मांडणीत आणखी एक शंका मिटते: भरणाऱ्याला तुमची आवडच माहीत नसेल तर तो तुम्हाला फसवणार कसा?

मावशीकडे मी जेव्हा पैज मांडली, तेव्हा घरातली सगळी मंडळी बघत होती आणि दुसरी पिशवी मीच भरली होती. आज मागे वळून बघताना हे दोन्ही मला त्या प्रयोगातले दोष वाटतात.

हे टाळण्याचा काही उपाय आहे का?

आहे, आणि तो एका नाण्याचा आहे. हॉवर्ड राईफा यांनी १९६१ मध्येच तो सुचवला. माहीत नसलेल्या पिशवीसमोर उभे राहा आणि नाणं उडवा. छापा पडला तर लाल म्हणा, काटा पडला तर काळं. पिशवीत ७० लाल आणि ३० काळ्या आहेत असं धरा. निम्म्या वेळा तुम्ही लाल म्हणाल, तेव्हा जिंकण्याची शक्यता ७० टक्के. निम्म्या वेळा काळं म्हणाल, तेव्हा ३० टक्के. सरासरी ५० टक्के. मिश्रण कुठलंही असो, उत्तर ५० टक्केच येतं. माहीत नसलेल्या पिशवीची तुम्ही स्वतःच माहीत असलेली पिशवी करून टाकलीत, एक पैसा न मोजता.

मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो पटूनही माणसं बदलत नाहीत याची दोन कारणं दिसतात. एक, नाणं पडून गेल्यावर हात घालताना पुन्हा तीच अंधारी पिशवी समोर असते. दोन, आयुष्यातल्या बहुतेक पैजांत रंग बदलता येत नाही. नव्या बियाणाची पेरणी करणाऱ्याला "पीक बुडेल" या बाजूने पैज लावायची सोय नसते.

संदिग्धतेची नावड मोजता येते का?

येते, आणि ती जोखमीच्या नावडीपासून वेगळी काढून मोजता येते. माहीत नसलेल्या पिशवीला हात लावायचा नाही. माहीत असलेल्या पिशवीतल्या लाल गोट्या एकेक करून कमी करत जायच्या (त्या जागी काळ्या घालायच्या) आणि दर वेळी विचारायचं: लालवर पैज, कुठली पिशवी? ज्या संख्येला माणूस "आता दोन्ही सारख्याच" म्हणतो, ती त्याची संख्या. शंभरातून ५० ऐवजी ४१ वर तो थांबला, तर शक्यता कळावी यासाठी तो ९ टक्के शक्यता सोडायला तयार आहे.

मावशीबरोबर मी हेच केलं. दहांपैकी चार लाल आणि सहा काळ्या ठेवल्या, तिला मोजून दाखवल्या. तरी म्हणाली, "हीच." चाळीस टक्के शक्यता म्हणजे पैजेचं मूल्य ४० रुपये, म्हणजे निव्वळ माहितीसाठी तिने १० रुपयांवर पाणी सोडलं. तीन लाल ठेवल्या तेव्हा ती थबकली, गोट्या परत मोजल्या आणि दुसरी पिशवी उचलली. तिची संख्या तीस आणि चाळीस टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी होती.

या मोजणीत रोख रकमेचा प्रश्नच येत नाही. बक्षीस दोन्हींकडे तेच १००, त्यामुळे जोखमीची नावड पुन्हा कापली जाते. ती हवी असेल तर वेगळी विचारा: पाच-पाचच्या पिशवीतली ही पैज किती रोख रुपयांना विकशील? दोन प्रश्न, दोन आकडे.

या वागण्याला गणितात बसवणारी एक सोपी मांडणी इत्झाक गिलबोआ आणि डेव्हिड श्मायडलर यांनी १९८९ मध्ये दिली. माणसाच्या मनात एक आकडा नसून पल्ला असतो, उदाहरणार्थ "लाल ४० ते ६० असतील", आणि पैज तोलताना तो त्या पल्ल्यातला वाईटात वाईट आकडा धरतो. लालवर लावताना लाल ४०, काळ्यावर लावताना काळ्या ४०. बेरीज १०० का भरत नाही याचं कोडं इथे सुटतं.

ज्याला जोखीम नको, त्याला संदिग्धताही नकोच असणार ना?

असं गृहीत धरू नका. आणि संदिग्धता नको म्हणजे नवीन काही नको, असंही समजू नका. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमधल्या शेतकऱ्यांवर बारहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन्ही वृत्ती वेगवेगळ्या मोजल्या आणि जनुकीय बदल केलेलं बियाणं कुणी किती लवकर घेतलं हे बघितलं. किडीला तोंड देणारा मका संदिग्धता टाळणाऱ्यांनी लवकर घेतला. जोखीम टाळण्याचा मात्र फारसा परिणाम दिसला नाही. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. पण कीड यंदा येईल का, किती येईल, हेच शेतकऱ्याला सांगता येत नाही. ते बियाणं नेमकी तीच अनिश्चितता कमी करतं. संदिग्ध पिशवी कुठली, नवं बियाणं की जुनं, हे आधी तपासावं लागतं.

लोक नेहमीच संदिग्धता टाळतात का?

नाही. जिंकण्याची शक्यता मुळातच लहान असेल तर कल उलटा होतो. शंभर गोट्या, दहा रंग. एका पिशवीत प्रत्येक रंगाच्या दहा, दुसरीत रंग तेच पण प्रमाण माहीत नाही. रंग तुम्ही निवडायचा. आता पुष्कळजण माहीत नसलेली पिशवी घेतात. दहाच गोट्या असल्या तर तसंही हरण्यासारखंच आहे, दुसरीत कदाचित साठ असतील! पैज कमाईची नसून नुकसानीची असेल तेव्हाही संदिग्धतेची नावड बरीच ओसरते, कधी तिची ओढही दिसते.

तीच पैज अनेकदा लावायची असेल तर?

हा प्रश्न कमी विचारला जातो, पण व्यवहारात याचीच जास्त गरज पडते, कारण इथे जोखीम आणि संदिग्धता एकमेकींत मिसळतात.

दोनदा गोटी काढायची, पहिली काढली की परत टाकायची, दोन्ही वेळा लालवरच पैज, दर वेळी १०० रुपये. पाच-पाचच्या पिशवीत दोन्ही जिंकण्याची शक्यता पाव, दोन्ही हरण्याची पाव, एक जिंकण्याची निम्मी. माहीत नसलेल्या पिशवीत सगळी मिश्रणं सारखी शक्य धरली, तर दोन्ही जिंकण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश, दोन्ही हरण्याचीही सुमारे एक तृतीयांश, आणि एकच जिंकण्याचीही साधारण तेवढीच. अपेक्षित मूल्य दोन्हींकडे १०० रुपये. पण दुसऱ्या पिशवीत टोकाचे निकाल जास्त, कारण पिशवी लालने भरलेली असली तर दोन्ही वेळा फावतं आणि काळ्याने भरलेली असली तर दोन्ही वेळा फसतं. इथे दुसरी पिशवी टाळणं हे साधं, चोख जोखीम टाळणंच आहे. त्यासाठी संदिग्धतेचं नाव घ्यायची गरज नाही.

आता एवढंच बदला: पहिल्या वेळी लाल म्हणा, दुसऱ्या वेळी काळं. माहीत नसलेल्या पिशवीत दोन्ही जिंकण्याची शक्यता सुमारे एक षष्ठांशावर येते, दोन्ही हरण्याचीही तेवढीच, आणि एकच जिंकण्याची सुमारे दोन तृतीयांश. माहीत असलेल्या पिशवीपेक्षा हा सौदा कमी जोखमीचा आहे. जोखीम टाळणाऱ्या माणसाने इथे आनंदाने अंधारी पिशवी घ्यायला हवी. तरीही तो घेत नसेल, तर त्याला खटकतं आहे ते दुसरंच काही.

घरी करून बघायचं असेल तर काय सांभाळावं?

दुसरी पिशवी पैज लावणाऱ्यासमोर नसलेल्या तिसऱ्या माणसाकडून भरून घ्या. रंग खेळणाऱ्यालाच निवडू द्या. दोन्ही रंगांनी विचारा आणि मधे गोटी काढून दाखवू नका, नाहीतर दुसरी निवड पहिल्या निकालावरून ठरते. आणि बरोबरीचा घोळ टाळा: ज्याला दोन्ही पिशव्या खरोखर सारख्या वाटतात तोही हाताला आलेली पहिली उचलू शकतो आणि तुम्ही ती नावड समजून बसता. म्हणून दुसऱ्या पिशवीचं बक्षीस १०० ऐवजी १०२ ठेवा. ज्याला खरंच फरक वाटत नाही तो त्या दोन रुपयांसाठी दुसरीकडे वळेल. दोन्ही रंगांना जो तरीही पहिलीच धरून बसतो, त्याची निवड बरोबरीची नाही हे तुम्हाला तिथेच कळेल.